मशिनरी रिपेअर खात्यातले १२ लाख ३० हजार

प्रश्न: सर, आमची लातूर एमआयडीसीत डाळ मिल आहे, भागीदारी फर्म. २०२४-२५ ला जुना कलर सॉर्टर घेतला, शेडचं काम केलं, रोलर-मोटरा करून घेतल्या, सगळं मशिनरी रिपेअर खात्यात टाकलं, १२.३० लाख झाले. लेजरचा उतारा पाठवलाय. सीए म्हणायलेत यातलं बरंच कॅपिटल आहे, नफा वाढणार, टॅक्स लागणार. पैसे तर खिशातून गेलेच ना, मग खर्च का नाही धरायचा? आणि बँकवाले म्हणतात लोन दिसतंय पण मशीन दिसत नाही.

भाऊ, तुमचे सीए बरोबर म्हणायलेत. पैसे गेले हे खरं, पण पैसे जाणं वेगळं आणि खर्च होणं वेगळं. सॉर्टरचे ६ लाख दिले त्याच्या बदल्यात मशीन आलं, ३१ मार्चला ते तुमच्या शेडमध्ये उभं होतं आणि तूर निवडत होतं, मग त्या दिवशी तुमचं ६ लाखाचं नुकसान झालं कसं म्हणायचं, रोकडीचं मशीन झालं एवढंच. ते मशीन जसं झिजेल तसा थोडा थोडा खर्च दरवर्षी पडेल, त्यालाच आपण घसारा म्हणतो. रोलरवर एमरी चढवली त्याचं तसं नाही, ती तूर भरडता भरडता सीझनमध्येच झिजून जाते, मिल कालच्यासारखी आज चालावी म्हणून तो पैसा लागला, तो त्या वर्षाचाच खर्च. पहिला कॅपिटल, दुसरा रेव्हेन्यू.

मी २६ वर्षं डाळ मिल, जिनिंग, तेल मिलचीच वह्यापुस्तकं बघतोय आणि रिपेअर खातं हे आपल्याकडं सगळ्यात जास्त बिघडलेलं खातं असतं. कारण मुनीम बिलावर काय लिहिलंय ते वाचून एन्ट्री मारतो, काम काय झालं ते बघत नाही. म्हणून तुमचा उतारा मी ओळीओळीनं घेतो, त्यातूनच फरक कळेल.

सॉर्टर ६ लाख, यात वादच नाही. त्याच्या खाली अकोल्याहून आणायचं ट्रक भाडं आणि उतरवायची क्रेन मिळून २८ हजार आहेत, ते तुम्ही रिपेअरला टाकलेत, एरवी लोक वाहतूक खर्चात टाकतात, दोन्ही चूक. तुरीची गाडी आणली तर भाडं खर्चात, पण मशीन आणलं तर भाडं मशीनच्या किमतीत, कारण अकोल्यात पडलेलं मशीन तुमच्या काय कामाचं. चौथरा, केबल, पॅनल यांचे ६२ हजार तसेच. नियम एकच आहे, मशीन ठरलेल्या जागी उभं राहून काम करायच्या अवस्थेत येईपर्यंत जे जे लागलं ते त्याच्या किमतीत, आणि चालू झाल्यावर जे लागेल ते खर्चात. अकाउंटिंग स्टँडर्ड १० हेच सांगतं आणि इन्कम टॅक्समधली अॅक्च्युअल कॉस्ट पण जवळपास हीच.

आता खरी गंमत आहे ती इंजिनिअरच्या ४० हजारांच्या बिलात. बिलावर सरळ लिहिलंय "सॉर्टर रिपेअरिंग". त्यात २४ हजारांचे इजेक्टर बदललेत, म्हणजे कॅमेऱ्यानं काळा दाणा पकडला की हवेच्या फुंकरीनं तो बाजूला उडवणारे व्हॉल्व्ह, आणि १६ हजार फिटिंग, कॅमेरा सेटिंगचे. शब्द रिपेअरिंगचा, पण तारीख बघा, बिल १६ नोव्हेंबरचं आणि मशीन चालू झालं २० नोव्हेंबरला. म्हणजे मशीन तुमच्याकडं चालून बिघडलं नव्हतं, तुम्ही बिघडलेलंच घेतलं होतं, म्हणून तर ६ लाखात मिळालं. चांगलं असतं तर मालकानं जास्त मागितले असते ना? मग ते ४० हजार हा खरेदीचाच भाग झाला, म्हणून कॅपिटल. हेच इजेक्टर पुढच्या जानेवारीत बदलले तर तेच काम, तेच बिल, पण रेव्हेन्यू. जुनं मशीन घेणारे निम्मे लोक इथंच फसतात, कारण बिल खरं असतं, काम खरं असतं, फक्त वेळ लक्षात घेतलेली नसते.

तर सॉर्टरची किंमत झाली ७,३०,०००. यात टर्म लोनचं मशीन चालू होईपर्यंतचं व्याज मी धरलं नाही कारण ते तुमच्या व्याज खात्यात आहे, पण इन्कम टॅक्समध्ये तेवढ्या दिवसांचं व्याज खर्च म्हणून मिळत नाही, ते सीएंना वेगळं काढायला सांगा, चालू झाल्यानंतरचं व्याज मात्र बिनधास्त खर्चात.

एमरी चढवायचे १,१०,०००, मोटर रिवाइंडिंग-बेअरिंग-पट्टे ८४,०००, एलिव्हेटरच्या बकेट आणि बेल्ट ५६,०००, हे अडीच लाख पूर्ण रेव्हेन्यू आहेत आणि इथं कुणाच्या भीतीनं एक रुपयाही कॅपिटल करू नका. मला माहितीये काही जण म्हणतील रक्कम मोठी आहे, लाखाच्या वर आहे, नव्या बकेट दोन-तीन वर्षं टिकतात, म्हणून कॅपिटल करा. रक्कम किती यावर हे ठरत नाही, आणि नुसतं किती टिकतं यावरही नाही. मुंबई हायकोर्टाचा न्यू शोरॉक स्पिनिंगचा १९५६ चा निकाल आजही यात धरून चालतात, त्याचा अर्थ साध्या भाषेत असा की आहे ते मशीन जपायला, चालू ठेवायला खर्च केला तर तो करंट रिपेअर, पण नवीन मालमत्ता उभी केली किंवा आधी नव्हता असा नवा फायदा मिळवला तर नाही. एलिव्हेटर तुमच्याकडं होताच, बकेट बदलल्या तरी तो तेवढाच माल तेवढ्याच उंचीवर चढवतो. नवा फायदा काहीच नाही.

पण याला एक हद्द आहे. उद्या तुम्ही म्हणाल आख्खी डाळ मिल हेच माझं एक मशीन, त्यातला एलिव्हेटर म्हणजे एक पार्ट, म्हणून पूर्ण नवा एलिव्हेटर बसवला तरी रिपेअर. हा युक्तिवाद कापड गिरण्यांनी करून झालाय. सरवणा स्पिनिंग मिल्सच्या केसमध्ये २००७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गिरणीतलं प्रत्येक मशीन स्वतंत्र धरायचं, ते पूर्ण बदललं तर ते करंट रिपेअर होत नाही. त्यामुळं बकेट बदलली तर रिपेअर, एलिव्हेटरच नवा आणला तर कॅपिटल. मधली प्रकरणं असतात, उदाहरणार्थ जळालेल्या मोटरच्या जागी तेवढ्याच ताकदीची नवी मोटर, मी ती रिपेअरमध्येच ठेवतो कारण मोटर एकटी काही डाळ करत नाही, पण १० एचपी काढून २५ एचपी बसवली आणि मिलची कपॅसिटीच वाढली तर मी कॅपिटल करतो.

राहिलं शेडचं अडीच लाखांचं बिल. तुम्ही फोनवर सांगितलंत की वादळात उडालेले पत्रे बदलले आणि त्याच मिस्त्रीकडून शेड मागच्या बाजूला वीस फूट वाढवून घेतलं. एका बिलात दोन जातीची कामं आहेत ही. उडालेल्या पत्र्याच्या जागी पत्रा हे रिपेअर, वाढवलेले वीस फूट म्हणजे नवी इमारत. तुमच्या अंदाजानं पत्र्याचे ७० हजार आणि वाढीव कामाचे १,८०,०००, मी पुढं तेच आकडे धरतो, पण अंदाजावर असेसमेंटमध्ये कुणी सोडत नाही, मिस्त्रीकडून पत्र्यांची संख्या, लोखंडाचं वजन, मजुरी अशी फोड लेखी लागेल. फोड नसली की समोरचा अधिकारी आख्खे अडीच लाख कॅपिटल धरतो आणि तुमचे खरे ७० हजारही अडकतात.

म्हणजे १२,३०,००० पैकी खरा रिपेअर निघाला ३,२०,००० आणि कॅपिटल ९,१०,०००, सॉर्टर ७,३०,००० आणि शेड १,८०,०००.

आता याचा नफ्यावर काय परिणाम होतो ते बघा. तुमच्या ट्रायल बॅलन्सवरून निघालेला नफा ४,१०,०००. त्यात चुकीनं वजा केलेले ९,१०,००० परत मिळवायचे आणि घसारा वजा करायचा. मशिनरीला घसारा १५ टक्के, कारखान्याच्या इमारतीला १० टक्के, पण दोन्ही गोष्टी नोव्हेंबरमध्ये वापरात आल्या, ३१ मार्चपर्यंत १८० दिवस भरत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी निम्माच. सॉर्टरचा ७.५ टक्क्यानं ५४,७५०, शेडचा ५ टक्क्यानं ९,०००, एकूण ६३,७५०. नव्या मशीनला मिळणारा २० टक्क्यांचा जास्तीचा घसारा जुन्या मशीनला मिळत नाही, तो नाद सोडा. नफा झाला १२,५६,२५०. म्हणजे तुमची वही ८,४६,२५० नं नफा कमी दाखवत होती, खरा नफा तिप्पट होता. फर्मला ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस धरून जास्तीचा टॅक्स २,६४,०३० येतो.

एवढा आकडा बघून कुणालाही वाटणार, राहू दे ना रिपेअरमध्येच. पण पुढच्या वर्षाचं गणित कुणी करत नाही. २०२५-२६ ला योग्य वहीत सॉर्टरच्या उरलेल्या ६,७५,२५० वर १५ टक्के आणि शेडच्या १,७१,००० वर १० टक्के, मिळून साधारण १,१८,००० घसारा खर्चात येईल. त्याच्या पुढच्या वर्षी साधारण १,०१,०००. चुकीच्या वहीत यातलं काहीच नाही, म्हणजे पहिल्या वर्षी नफा खोटा कमी आणि त्यानंतर वर्षानुवर्षं नफा खोटा जास्त. मशीन फुकटात आल्यासारखं डाळ काढत राहतं आणि तुम्ही क्विंटलमागं काय सुटतं ते काढायला बसता तेव्हा मशीनची झीज त्यात धरलीच जात नाही. मी असे मालक बघितलेत जे त्या फुगलेल्या आकड्यावर भाव पाडून डाळ विकत राहिले आणि सॉर्टर बदलायची वेळ आली तेव्हा पैसा कुठं गेला ते कळेना.

आणि ज्याला तुम्ही वाचलेला टॅक्स म्हणता तो वाचलेला नसतो, पुढं ढकललेला असतो, तोही पकडला न गेल्यास. पकडणं अवघड नाही हो. आदल्या वर्षी रिपेअर २,९०,०००, या वर्षी १२,३०,०००, ग्रॉस प्रॉफिटची टक्केवारी जिथल्या तिथं आणि नेट मात्र कोसळलेला, एवढं बघितलं की कुणीही लेजर मागतो, आणि लेजर उघडलं की ६ लाखांची एकच ओळ समोर. कॅपिटल खर्च वजा मिळत नाही हे कलम ३७ मध्ये सरळ लिहिलंय. मग टॅक्स, व्याज आणि उत्पन्न कमी दाखवलं म्हणून त्या टॅक्सच्या ५० टक्के दंड. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांना नवा इन्कम टॅक्स कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, पण तुमचं वर्ष जुन्या १९६१ च्या कायद्यातलंच आहे.)

बँकेचं म्हणणं तुम्हाला आता पटेल. बॅलन्स शीटमध्ये एका बाजूला मशीनचं टर्म लोन आणि दुसऱ्या बाजूला ते मशीनच नाही, मग त्यांना वाटणारच की लोनचा पैसा दुसरीकडं वळवला. तुमची स्थिर मालमत्ता दिसत होती १४,२०,०००, ती दुरुस्तीनंतर होते २२,६६,२५०. भागीदारांचं भांडवल १६ लाख दिसत होतं, ते वाढीव टॅक्सची तरतूद काढून साधारण २१,८२,००० होतं. बाहेरची देणी ४० लाख, म्हणजे भांडवलाच्या अडीच पट दिसत होती, आता टॅक्सचं देणं धरूनही दोन पटीच्या आत येतात. सीसी लिमिट वाढवून मागायला तुम्हीच गेलात आणि तुमच्याच वहीनं तुम्ही आहात त्यापेक्षा कमजोर आहात असं सांगितलं. विम्याचंही तेच, देव न करो पण आग लागली तर सर्व्हेअर आधी मालमत्तेची यादी मागतो, त्यात सॉर्टरचं नाव नसेल तर तो होता हेच सिद्ध करत बसावं लागतं.

आता उलटी चूकही सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून कुणी घाबरून सगळंच कॅपिटल करायला निघेल, आणि माझ्या मते ती चूक जास्त घातक आहे. परभणीकडच्या एका जिनिंगचं काम माझ्याकडं आलं होतं. आधीच्या तीन-चार वर्षांत त्यांनी जिनचे चामड्याचे रोलर, बेअरिंग, पंख्यांची दुरुस्ती, सगळं मशिनरीत चढवलं होतं, कारण तोटा दिसला की बँक लिमिट कमी करेल ही भीती. वहीत मशिनरी ६१ लाख. मी मालकाबरोबर जिनिंगमध्ये फिरलो, यादीतलं एक एक नाव घेतलं आणि विचारलं हे दाखवा. एका ओळीला ते मला कोपऱ्यात घेऊन गेले, तिथं झिजलेल्या चामड्याच्या चकत्यांचा ढीग होता. वहीत तो ढीग ४ लाखांची मालमत्ता होता. सगळं काढल्यावर मशिनरी उरली ३८ लाख, म्हणजे मधले २३ लाख हा तोटा होता जो त्यांनी स्वतःलाच दाखवला नव्हता, आणि त्या खोट्या नफ्यावर भागीदारांनी उचलही केली होती. दरवर्षी थोडं थोडं झालं म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. २००२ ला अमेरिकेत वर्ल्डकॉमचं झालं ते मुळात हेच, दुसऱ्या कंपन्यांच्या टेलिफोन लाइन वापरायचं भाडं त्यांनी खर्चात न टाकता मालमत्तेत चढवलं, पहिल्यांदा बाहेर आला तोच आकडा ३८० कोटी डॉलरचा होता आणि महिन्याभरात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणून मी वर्षातून एकदा मालकाला यादी घेऊन शेडमध्ये फिरायला लावतोच. यादीत आहे आणि शेडमध्ये नाही, किंवा शेडमध्ये आहे आणि यादीत नाही, दोन्ही चुका पायानं चालून सापडतात.

तुमचं रिटर्न अजून गेलेलं नाही असं तुम्ही म्हणता, तर काम सोपं आहे. टॅलीत F7 ची जर्नल एन्ट्री, कलर सॉर्टर खातं नावे ७,३०,०००, फॅक्टरी शेड नावे १,८०,०००, मशिनरी रिपेअर जमा ९,१०,०००, आणि नॅरेशनमध्ये प्रत्येक बिलाचा नंबर. मग घसाऱ्याची एन्ट्री वेगळी. करण्याआधी दोन गोष्टी तपासा.

एक म्हणजे जीएसटी. सॉर्टरच्या बिलावर १८ टक्क्यानं १,०८,००० जीएसटी आहे. त्याचं क्रेडिट घेतलं असेल तर तो किमतीत मिळवायचा नाही, मी वर मिळवलेला नाही. पण तुमची बरीच डाळ बिनालेबलची मोकळी जाते, तिच्यावर जीएसटी नाही, तेवढ्या हिश्श्याचं क्रेडिट मिळत नाही, आणि जे मिळत नाही ते मशीनच्या किमतीत जातं. क्रेडिटही घेतलं आणि त्याच रकमेवर घसाराही घेतला असं मात्र चालत नाही, मग क्रेडिट जातं.

दुसरं म्हणजे रोख. चौथऱ्याच्या गवंड्याला एका दिवशी २५ हजार रोख दिलेले तुमच्या कॅशबुकात दिसतायत. मशीनच्या किमतीसाठी एका माणसाला एका दिवशी १० हजारांच्या वर रोख दिले तर इन्कम टॅक्समध्ये ती रक्कम किमतीत धरत नाहीत, म्हणजे त्या २५ हजारांवर कायमचा घसारा गेला, वहीत किंमत ७,३०,००० आणि टॅक्सला ७,०५,०००. पहिल्या वर्षी फरक जेमतेम १,८७५ चा आहे, त्यासाठी व्हाउचर बदलत बसू नका, सीएंना सांगून टाका.

शेडच्या मिस्त्रीला मात्र आजच फोन लावा. ऊसतोडीचा हंगाम लागला की ही माणसं गावात सापडत नाहीत, आणि पत्रे किती बदलले हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.